गाडी विकली, पैसे मिळाले, पण आरसीवर नाव कोणाचं? जुनी कार नावावर करण्याची प्रक्रिया, टप्प्याटप्प्याने

ओळखीतल्या माणसाकडून जुनी कार घ्यायची, स्टॅम्प पेपरवर 'आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' असं लिहून घ्यायचं, पैसे द्यायचे आणि चावी घ्यायची. 'आरटीओचं काम काय, करू निवांत,' असं दोघंही एकमेकांना सांगतात. मग ते निवांत काम सहा महिने, वर्षभर, कधीकधी पुढची विक्री होईपर्यंत तसंच पडून राहतं.

या काळात गाडी एकाची आणि कागद दुसऱ्याचे, अशी स्थिती असते. सिग्नल तोडला की ई-चलानचा मेसेज जुन्या मालकाच्या मोबाइलवर येतो. अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते. आणि गाडी चोरीला गेली तर नव्या मालकाला विम्याचे पैसे मिळतीलच, याचीही खात्री नसते.

डीलरकडून गाडी घेतली की यातलं बरंचसं काम तो करतो. पण दोन खासगी व्यक्तींमध्ये थेट व्यवहार होतो, तेव्हा सगळं त्या दोघांवरच असतं. कोणते फॉर्म लागतात, कोणी किती दिवसांत काय करायचं, आणि घोळ नेमका कुठे होतो, ते पाहू.

## कायद्याच्या लेखी मालक कोण?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे, तो मालक. गाडी हप्त्यावर किंवा भाड्याने दिलेली असेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे, तो मालक धरला जातो, पण सरळ विक्रीच्या व्यवहाराला हा अपवाद लागू होत नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर २०१८ मध्ये नेमका हाच प्रश्न आला होता. एक कार एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी हातोहात विकली गेली. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहिलं. दरम्यान त्या गाडीने अपघात झाला आणि त्यात एका मुलाचा जीव गेला. गाडी आपण केव्हाच विकली होती, असं पहिल्या मालकाचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातात बळी पडलेल्या कुटुंबाने गाडी कोणाकोणाच्या हातातून गेली, हे शोधत फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही, हे त्यामागचं कारण.

म्हणून स्टॅम्प पेपरवरचा करार, नोटरीचा शिक्का, पैसे मिळाल्याची पावती हे सगळं विकणारा आणि घेणारा यांच्यातला पुरावा आहे. तो जपून ठेवायलाच हवा. पण त्याने आरसीवरचं नाव बदलत नाही, आणि रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी आरसीवरचंच नाव मोजलं जातं.

## १४ दिवस कोणाचे, ३० दिवस कोणाचे?

याच कायद्याच्या कलम ५० मध्ये हस्तांतरणाची मुदत दिली आहे, आणि ती दोघांसाठी वेगवेगळी आहे. अनेकांना हे ठाऊक नसतं. 'गाडी त्याने घेतली, नावावर तोच करेल' असं विकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात पहिलं काम विकणाऱ्याचं आहे.

गाडी राज्यातल्या राज्यातच विकली जात असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. हे कळवण्यासाठी फॉर्म २९ असतो. गाडी परराज्यात जाणार असेल तर ही मुदत ४५ दिवसांची आहे, आणि सोबत ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसीही लागते.

घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत, तो जिथे राहतो किंवा गाडी जिथे ठेवतो, तिथल्या आरटीओकडे अर्ज करायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३० आहे. या फॉर्मवर मात्र विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही सह्या लागतात. आरटीओबाहेरचे एजंट या दोन फॉर्मना मिळून 'टीटी फॉर्म' म्हणतात.

मुदत उलटली म्हणून हस्तांतरण कायमचं अडत नाही. उशिराचे जादा पैसे भरावे लागू शकतात, एवढंच. खरी अडचण वेगळी असते. वर्षभराने फॉर्मवर सही घ्यायला गेलं की विकणारा दुसऱ्या शहरात गेलेला असतो, त्याचा मोबाइल नंबर बदललेला असतो, किंवा तो हयातच नसतो. मालकाचं निधन झालं असेल तर साधा टीटी फॉर्म चालत नाही. आधी वारसाला फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते.

## व्यवहाराच्या आधी काय तपासायचं?

समजा, पुण्यात कोथरूडला राहणारे एक निवृत्त शिक्षक त्यांची २०१८ सालची पेट्रोल कार हडपसरमधल्या एका नर्सला ३ लाख ६० हजार रुपयांना विकत आहेत. गाडीचा नंबर एमएच-१२ आहे आणि घेणारीही पुणे आरटीओच्याच हद्दीत राहते. म्हणजे सर्वात सोपा व्यवहार. तरीही यात चार ठिकाणी गाडी अडू शकते.

पहिली अडचण बोजाची. सरांनी ही गाडी कर्जावर घेतली होती आणि शेवटचा हप्ता तीन वर्षांपूर्वीच फेडला. पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो, हा फार मोठा गैरसमज आहे. बँक एनओसी आणि फॉर्म ३५ देते. त्यावर बँकेची आणि मालकाची सही असते, आणि तो आरटीओत दाखल केला तरच आरसीवरून बँकेचं नाव निघतं. बँकेच्या एनओसीवर बऱ्याचदा ९० दिवसांची मुदत लिहिलेली असते. कपाटात पडलेली तीन वर्षांपूर्वीची एनओसी अशा वेळी चालत नाही, बँकेकडून नवी आणावी लागते. म्हणून गाडी विकायचं ठरलं की सर्वात आधी हे काम हातात घ्यायचं, कारण याच कामाला सर्वात जास्त वेळ लागतो.

बोजा आहे की नाही, हे गाडी बघायला जाण्याआधीच कळू शकतं. `parivahan.gov.in` या साइटवर `Know Your Vehicle Details` हा पर्याय आहे, आणि एमपरिवहन अ‍ॅपवरही गाडीचा नंबर टाकून माहिती बघता येते. नोंदणी केव्हाची आहे, ती कधीपर्यंत वैध आहे, विमा केव्हा संपतो, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव आहे का, हे तिथे दिसतं. आरसीच्या कागदावर काय छापलंय यापेक्षा या नोंदीत काय आहे, ते महत्त्वाचं. आरटीओचा कर्मचारीही हीच नोंद बघणार असतो.

दुसरी अडचण ई-चलानची. सरांच्या गाडीवर दोन जुनी चलानं आहेत, ती त्यांना आठवतही नाहीत. थकीत चलान असेल तर अर्ज पुढे सरकायला अडथळा येतो, आणि ते कोणी भरायचं यावरून नंतर वाद होतो. म्हणून व्यवहाराच्या दिवशी दोघांनी मिळून `mahatrafficechallan.gov.in` आणि `echallan.parivahan.gov.in` या दोन्ही साइटवर गाडीचा नंबर टाकून बघायचा. दोन्ही बघायच्या, कारण एका ठिकाणी न दिसलेलं चलान दुसरीकडे दिसू शकतं.

तिसरी अडचण नंबर प्लेटची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी बसवणं बंधनकारक आहे. ती नसेल तर मालकी हस्तांतरण, बोजा चढवणं-उतरवणं यांसारखी आरटीओतली कामं थांबवायच्या सूचना परिवहन विभागाने दिलेल्या आहेत. सरांची गाडी २०१८ ची आहे, म्हणजे ती या नियमात येते. प्लेटसाठी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, त्यामुळे हेही काम विकणाऱ्याने आधीच उरकलेलं बरं.

चौथी अडचण साधी आहे आणि तिथेच सर्वात जास्त लोक अडकतात. ती म्हणजे मोबाइल नंबर. परिवहनच्या साइटवर अर्ज करताना ओटीपी जातो तो गाडीच्या नोंदीत असलेल्या मालकाच्या नंबरवर. २०१८ मध्ये शोरूमने स्वतःचाच नंबर टाकलेला असतो, किंवा तो नंबर आता बंद असतो. मग अर्जाचं पहिलं पानही उघडत नाही. साइटवर मोबाइल नंबर अपडेट करण्याची सोय आहे. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख हाताशी हवी.

आणि गाडीसमोर उभं राहून एक गोष्ट बघायची. गाडीवर कोरलेला चासी नंबर आणि आरसीवरचा चासी नंबर एक एक अक्षर जुळवायचा. गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं असेल किंवा रंग बदलला असेल, तर त्याची नोंद आरसीवर आहे का, हेही पाहायचं. आरसीवर 'पेट्रोल' आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल, तर तो प्रश्न उद्या घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

## कोणते कागद लागतात?

चारही अडचणी सुटल्या की कागदांची यादी फार मोठी राहत नाही. विकणाऱ्याकडून मूळ आरसी, चालू विम्याची पॉलिसी, चालू पीयूसी आणि पॅन कार्डची प्रत. घेणाऱ्याकडून पत्त्याचा पुरावा, पॅन कार्डची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. पॅन नसेल तर फॉर्म ६०. बोजा उतरवायचा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. घेणारी व्यक्ती नव्याने कर्ज काढून गाडी घेत असेल, तर तिच्या बँकेचा बोजा चढवण्यासाठी फॉर्म ३४.

शिवाय फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. यावर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. चासी नंबर कोरलेल्या जागेवर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात, तो हा प्रिंट. गाडी समोर असतानाच दोन-तीन प्रिंट काढून ठेवले तर पुन्हा धावपळ होत नाही.

फॉर्मवरची सही आरटीओच्या नोंदीतल्या सहीशी जुळायला हवी. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव यात फरक असेल, म्हणजे एकीकडे वडिलांचं नाव आहे आणि दुसरीकडे नाही, तर ऑनलाइन पडताळणीत अर्ज अडकू शकतो. हे आधीच जुळवून पाहिलेलं चांगलं.

एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. कोऱ्या फॉर्मवर सही करून ते समोरच्याच्या किंवा एजंटच्या हातात द्यायचे नाहीत. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि विक्रीची तारीख भरलेली असेल तरच सही करायची. कोऱ्या टीटी फॉर्मवर गाडी पुढे तिसऱ्याला, चौथ्याला विकली जाते आणि आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहतं. वर सांगितलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या प्रकरणात नाव असंच पहिल्या मालकावर राहून गेलं होतं.

## पैसे कसे द्यायचे?

आयकर कायद्यानुसार एका व्यवहारापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. आज दीड लाख आणि परवा दीड लाख असे तुकडे पाडले तरी व्यवहार एकच धरला जातो, आणि दंड पैसे घेणाऱ्याला, म्हणजे गाडी विकणाऱ्याला होतो. तो दंड घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. त्यामुळे ३ लाख ६० हजारांचा व्यवहार बँकेतूनच केलेला बरा. पुढे वाद झाला तर बँकेतली नोंद हाच सर्वात भक्कम पुरावा ठरतो.

आपल्या उदाहरणात पैशांचे तीन भाग करता येतील. बोलणी पक्की झाली की १० हजार टोकन. गाडी ताब्यात घेताना, भरलेल्या फॉर्मवर सह्या झाल्या आणि मूळ कागद हातात आले की ३ लाख. उरलेले ५० हजार आरटीओतला अर्ज मंजूर झाल्यावर. या शेवटच्या हप्त्यामुळे काम पूर्ण करण्यात विकणाऱ्यालाही रस राहतो, नाहीतर ओटीपीसाठी फोन केला की तो उचलला जाईलच असं नाही.

जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, अशी चर्चा अधूनमधून होते. तो जीएसटी नोंदणी असलेल्या, गाड्या विकण्याचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही त्यांच्या नफ्याच्या रकमेवर. एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला गाडी विकली तर जीएसटी लागत नाही.

गाडी ताब्यात देताना एक छोटा कागद दोघांनी सही करून ठेवायचा. त्यावर गाडीचा नंबर, चासी नंबर, किलोमीटरचं रीडिंग, किंमत, आणि तारखेसोबत वेळही लिहायची. चलानवर मिनिटासकट वेळ छापलेली असते. सरांनी १ जूनला सायंकाळी ५ वाजता गाडी दिली आणि त्याच रात्री ८ वाजता स्पीड कॅमेऱ्याचं चलान आलं, तर ते कोणाचं हे या कागदावरून ठरतं. सरांनी त्याच दिवशी आपला फास्टॅगही बंद करायचा. तो त्यांच्या बँक खात्याशी जोडलेला असतो आणि बंद केला नाही तर नव्या मालकिणीच्या टोलचे पैसे त्यांच्याच खात्यातून जात राहतात. तसंच एका गाडीवर एकच फास्टॅग चालतो, त्यामुळे जुना बंद झाल्याशिवाय नवा नीट सुरू होत नाही.

## अर्ज कसा करायचा?

`parivahan.gov.in` वर `Vehicle Related Services` मध्ये जाऊन महाराष्ट्र निवडायचं आणि गाडीचा नंबर टाकायचा. पुढे चासी नंबरची शेवटची पाच अक्षरं विचारली जातात आणि मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. सेवांच्या यादीत `Transfer of Ownership` हा पर्याय निवडायचा.

इथे घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल नंबर, विक्रीची तारीख आणि विम्याचा तपशील भरायचा. हे सावकाश करायचं काम आहे. इथे टाकलेलं नाव जसंच्या तसं नव्या आरसीवर छापलं जातं, आणि चूक झाली तर दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

फी फार नाही. खासगी कारच्या हस्तांतरणाची केंद्रीय नियमांतली फी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० रुपये. टपालखर्च, बोजा चढवण्याची फी किंवा उशिराची रक्कम असेल तर ती यात वाढते. एकूण आकडा पैसे भरण्याआधी स्क्रीनवर दिसतो. एजंट काही हजार मागत असेल, तर त्यातली सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे यावरून कळतं.

पैसे भरले की अर्ज क्रमांक मिळतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आधार पडताळणीवर घरबसल्या देता येणाऱ्या ५८ सेवांची यादी जाहीर केली, आणि मालकी हस्तांतरण त्यात आहे. साइटवर तो पर्याय आला आणि दोघांचंही आधार मोबाइलशी जोडलेलं असेल, तर कागद अपलोड करून काम पुढे जातं. नाहीतर फॉर्मची प्रिंट आणि मूळ कागद घेऊन आरटीओत जावं लागतं.

आरटीओत आधी कर्मचारी कागद तपासतो आणि मग अधिकारी मंजुरी देतो. अर्ज कुठे आहे, हे `Know Your Application Status` मध्ये अर्ज क्रमांक टाकून कळतं. काही त्रुटी असेल तर तीही तिथेच दिसते. बरेच अर्ज नाकारले गेलेले नसतात. त्रुटीची नोंद झालेली असते आणि ती कोणी पाहिलेलीच नसते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी स्थिती तपासायची.

मंजुरी मिळाली की ऑनलाइन नोंदीत नवं नाव दिसायला लागतं. नवी आरसी टपालाने घेणाऱ्याच्या पत्त्यावर येते. ती यायला वेळ लागला तरी डिजिलॉकरमधली किंवा एमपरिवहनमधली आरसी पोलिसांना दाखवता येते.

आपल्या उदाहरणात गाडी १ जूनला दिली. म्हणजे सरांनी १५ जूनपर्यंत फॉर्म २९ पोहोचवायचा आणि नर्सताईंनी १ जुलैपर्यंत अर्ज करायचा. प्रत्यक्षात सर्वात सोपं म्हणजे दोघांनी गाडी देतानाच शेजारी बसून ऑनलाइन अर्ज भरायचा. ओटीपी तिथल्या तिथे मिळतो आणि दोन्ही मुदती एकदमच पाळल्या जातात.

## विम्याचं काय?

आरसीवर नाव बदललं म्हणून विम्यावर बदलत नाही. ते दुसरं, स्वतंत्र काम आहे. कायद्याच्या कलम १५७ नुसार गाडी विकली की तिचा थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं. मात्र नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो.

पण हे फक्त थर्ड पार्टीपुरतं, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला झालेल्या नुकसानीपुरतं. स्वतःच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी यासाठीचं संरक्षण आपोआप जात नाही. पॉलिसी सरांच्या नावावर आणि आरसी नर्सताईंच्या नावावर असताना गाडी चोरीला गेली, तर दावा फेटाळला जाऊ शकतो. सरांची आता ती गाडीच नाही आणि ताईंचा कंपनीशी करारच नाही, असा तो तिढा असतो.

यातच नो क्लेम बोनसचा मुद्दा येतो. अनेक वर्षं दावा न केल्यामुळे प्रीमियममध्ये मिळणारी ही सवलत गाडीची नसते, माणसाची असते. सरांना ५० टक्के बोनस असेल तर तो त्यांच्याकडेच राहतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तीन वर्षांच्या आत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो वापरता येतो. ताईंना मात्र उरलेल्या काळासाठी त्या सवलतीचा फरक भरावा लागतो.

समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीचा वर्षाचा प्रीमियम सवलतीआधी ६ हजार रुपये होता आणि सरांनी ५० टक्के सवलतीने ३ हजार भरले. पॉलिसी ३१ ऑक्टोबरला संपते, म्हणजे १ जूनपासून पाच महिने उरले. ३ हजारांचा बारावा भाग २५०, त्याला पाचने गुणलं की १,२५० रुपये. एवढे आणि त्यावरचा जीएसटी ताईंनी भरायचे, शिवाय नावबदलाची किरकोळ फी. हा आकडा आधी माहीत असला की 'विमा चालू आहे, म्हणून किंमत जास्त' या बोलण्याला किती वजन द्यायचं, तेही ठरवता येतं.

## परराज्यातली गाडी असेल तर?

गाडीचा नंबर गोव्याचा किंवा कर्नाटकाचा असेल आणि घेणारा महाराष्ट्रातला असेल, तर प्रकरण लांबतं. आधी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ भरून एनओसी घ्यावी लागते. गाडीवर गुन्हा, थकीत कर किंवा बोजा नाही, हे त्यात तपासलं जातं. मग महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा आणि गाडीला एमएच नंबर घ्यायचा. परराज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर नवा नंबर घ्यावाच लागतो.

मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण इथला कर आधी भरावा लागतो. त्यामुळे परराज्यातली गाडी पन्नास हजारांनी स्वस्त दिसली, तरी इथल्या कराचा आकडा काढूनच ती खरंच स्वस्त आहे का, हे ठरवायचं.

## घेणारा नावावर करतच नसेल तर?

विकणाऱ्यांची ही सर्वात मोठी तक्रार असते. अशा वेळी त्याच्या हातात सर्वात उपयोगी कागद म्हणजे फॉर्म २९ ची पोच. फॉर्म दोन प्रतींत असतो. एक आरटीओत द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का घ्यायचा. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून त्याची पावती आणि पोच जपायची. सोबत व्यवहाराचा कागद, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि बँकेतली नोंद.

चलानची किंवा पोलिसांची नोटीस आली तर गप्प बसायचं नाही. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, ही माहिती पोलिसांना देणं कलम १३३ नुसार नोंदणीकृत मालकाचं काम आहे. हे कागद तिथे लगेच दाखवता येतात. घेणाऱ्याला लेखी नोटीस पाठवून मुदत द्यायची आणि तिची प्रत आरटीओलाही द्यायची.

पण या पोचीची मर्यादाही समजून घ्यायला हवी. विक्री झाली आणि आपण वेळेत कळवलं, एवढं तिच्यावरून सिद्ध होतं. आरसीवरचं नाव तिने बदलत नाही. विमा चालू असेपर्यंत अपघातग्रस्ताला कंपनीकडून भरपाई मिळू शकते. पण घेणाऱ्याने विम्याचं नूतनीकरण केलंच नाही आणि त्यानंतर अपघात झाला, तर थेट आरसीवरच्या नावाकडे बोट जातं. म्हणून जुन्या मालकाने पॉलिसी संपण्याची तारीख लिहून ठेवायची आणि त्याआधी `parivahan.gov.in` वर गाडीचा नंबर टाकून बघायचं. तिथे नवं नाव दिसलं की व्यवहार खरोखर पूर्ण झाला. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवायचा. शेवटचे ५० हजार त्याच दिवशी देता-घेता येतात.